बाळाचा डोळा सारखा चिकटतो: अश्रुनलिका बंद असताना घरी काय करायचं

प्रश्न: माझी मुलगी नऊ आठवड्यांची आहे. साधारण वीस दिवसांची असल्यापासून तिच्या उजव्या डोळ्यातून सारखं पाणी येतं, पिवळी चिपडं येतात, सकाळी तर पापण्या चिकटलेल्याच असतात. डोळा लाल नाही. डॉक्टरांनी तपासून दोनदा ड्रॉप्स दिले, तेवढ्यापुरतं बरं वाटतं, बंद केले की पुन्हा तेच. नळी बंद आहे, नाकाजवळ मालिश करा म्हणाले, पण नेमकं कसं ते कळलं नाही. सासूबाई अंगावरचं दूध घालायला सांगतात. ऑपरेशन करावं लागेल का? आणि पुढच्या आठवड्यात लस आहे, ती द्यायची का?

उत्तर:

ताई, ड्रॉप्सने जंतू कमी होतात, नळी उघडत नाही. त्यामुळे औषध चालू असेपर्यंत डोळा स्वच्छ दिसतो आणि बाटली संपली की चार दिवसांत चिपडं परत येतात. यात औषध चुकलं असं नाही आणि तुमच्या स्वच्छतेत काही कमी पडलं असंही नाही. तिसरी बाटली आणण्यापेक्षा मालिश नीट शिकून घेतलीत तर जास्त उपयोग होईल, म्हणून सगळ्यात जास्त त्याबद्दलच लिहितो.

आधी आत काय आहे ते बघू. वरच्या आणि खालच्या पापणीच्या कडेला, नाकाच्या बाजूच्या टोकाशी एकेक बारीक छिद्र असतं. आरशात स्वतःची खालची पापणी किंचित ओढून बघा, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसेल. डोळ्यातलं पाणी त्या छिद्रातून आत जातं, तिथून नाकाच्या हाडालगत असलेल्या एका छोट्या पिशवीत उतरतं आणि पिशवीतून खाली जाणाऱ्या नळीने नाकात पोचतं. रडताना आपलं नाक वाहतं ते याच रस्त्याने. ही नळी गर्भात वरून खाली उघडत येते आणि नाकात उघडणारं तिचं खालचं टोक सगळ्यात शेवटी मोकळं होतं. कित्येक बाळांत जन्माच्या वेळी त्या टोकावर एक पातळ पडदा शिल्लक राहिलेला असतो. बहुतेकांचा तो काही दिवसांत आपोआप फाटतो, काहींचा राहतो.

पडदा राहिला की मोरीचं खालचं तोंड बोळा बसून बंद झाल्यासारखं होतं. पाणी वर तुंबतं, पिशवीत साठून राहतं, साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि तेच पिवळं होऊन उलट डोळ्यात येतं. म्हणजे चिपडं डोळ्यात दिसत असली तरी तयार होतात ती पिशवीत. डोळ्याचा पांढरा भाग पांढराच राहतो तो यामुळे. 'डोळे आले' असते तर तो लाल झाला असता, पापण्या सुजल्या असत्या आणि बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत दुसरा डोळाही धरला असता.

सुरुवात तिसऱ्या आठवड्यात का झाली, असंही पुष्कळ जण विचारतात. जन्मल्यावर पहिले काही दिवस बाळाच्या डोळ्यांत पाणीच कमी तयार होतं. ते वाढायला लागलं की तुंबलेली नळी दिसायला लागते. आणि सकाळी जास्त चिकटतं, कारण झोपेत पापण्यांची उघडझाप नसते. पाणी वाळतं आणि चिकट भाग पापण्यांच्या केसांवर तसाच उरतो.

आता सफाई. पाणी पाच मिनिटं चांगलं उकळा, झाकून कोमट होऊ द्या. ते त्या दिवसापुरतंच वापरायचं, दुसऱ्या दिवशी नवीन. हात साबणाने धुवा. कापसाचा बोळा पाण्यात बुडवून पिळा आणि बाळाच्या मिटलेल्या पापणीवर अर्धा-एक मिनिट नुसता ठेवा. ही पायरी घाईत गाळली जाते आणि नेमकं तिथेच बिघडतं. वाळलेलं चिपाड नखाने किंवा कोरड्या कापसाने ओढलं तर पापणीचे केस निघतात, कड सोलवटते, बाळ डोळ्याला हात लावू देईनासं होतं. मऊ झालं की ते आपोआप सुटतं. मग नाकाच्या बाजूने कानाच्या बाजूकडे एकदाच पुसा आणि बोळा टाकून द्या. परत पुसायचं तर नवा बोळा. तोच बोळा दुसऱ्या डोळ्याला लावू नका. कापसाचे तंतू पापणीत अडकत असतील तर जुन्या मऊ सुती कापडाचे छोटे तुकडे उकळून, उन्हात वाळवून ठेवा, ते बरे पडतात. पाणी डोळ्याच्या आत घालायची गरज नाही, पापणी आणि केस साफ झाले की पुरे.

सतत ओलं राहून खालच्या पापणीची आणि गालाची त्वचा लालसर, खरबरीत झाली असेल. तिथे चोळू नका, टिपून कोरडं करा आणि गालावर साधं पेट्रोलियम जेली अगदी पातळ लावा. तेवढ्याने पाण्याने त्वचा सोलत नाही. पापणीच्या कडेपासून लांब ठेवा.

मालिश. 'नाकाजवळ मालिश करा' एवढंच सांगून पाठवलं की दहातल्या निम्म्या घरांत नाकाचं हाड चोळलं जातं. मी आईला नेहमी आधी स्वतःच्या चेहऱ्यावर करून बघायला लावतो. तुम्हीही आत्ता करून बघा. तर्जनी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर ठेवा आणि हळूच नाकाच्या दिशेने न्या. हाडाची एक धारदार कड बोटाला लागेल. त्या कडेच्या लगेच आतल्या बाजूला, म्हणजे डोळ्याच्या बाजूला, एक छोटी खोलगट जागा आहे. पिशवी तिथे असते. कडेच्या पलीकडे नाकावर गेलात तर तुम्ही फक्त हाड चोळत आहात, आणि अलीकडे आलात तर डोळ्याच्या बुबुळावर दाब येईल. दोन्ही नको. नऊ आठवड्यांच्या बाळात ही जागा तुमच्या करंगळीच्या टोकाएवढीच असते, म्हणून करंगळी वापरलेली सोयीची. नख बोटाच्या मांसापेक्षा खाली कापलेलं हवं.

बाळाला आडवं झोपवा, पाय तुमच्यापासून लांब आणि डोकं तुमच्या बाजूला. काही जणींना मांडीवर दूध पाजतानाच जमतं, बाळ तेव्हा मान हलवत नाही. डाव्या हाताने कपाळ हलकेच धरा. उजव्या करंगळीचं टोक त्या खोलगट जागेत टेकवा. आधी आत, हाडाच्या दिशेने दाबा. दाब सोडू नका, आणि दाब ठेवूनच बोट नाकाच्या कडेने सरळ खाली सरकवा. जेमतेम एक सेंटिमीटर, नाकपुडीच्या वरपर्यंत. मग बोट उचला, पुन्हा वर ठेवा. खालून वर घासत आणायचं नाही आणि गोल गोल फिरवायचं नाही. असं पाच ते दहा वेळा, दिवसातून तीन-चार वेळा. दूध पाजायच्या वेळेला जोडलंत तर लक्षात राहतं.

आत दाबून मग खाली सरकवायचं याला कारण आहे. वरून दाबलं की पिशवीतून डोळ्याकडे जाणारा मार्ग बोटाखाली बंद होतो. मग आत साठलेल्या पाण्याला खालीच जायला जागा उरते, आणि ते जोराने खालच्या पडद्यावर आदळतं. असं रोज होत राहिलं की पडदा फाटायला मदत होते. ही पद्धत १९२३ मध्ये अमेरिकेतल्या क्रिगलर नावाच्या डॉक्टरांनी मांडली आणि आजही तीच शिकवतात. नुसती कातडी खाली-वर हलवली तर आत दाब तयारच होत नाही, आणि 'महिनाभर केलं पण फरक नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघतं.

दाब किती? बोटाच्या नखाचं टोक किंचित फिकट पडेल एवढा. बाळाला चेहरा धरलेला आवडत नाही, ते रडेल, त्यावरून दुखलं असं समजू नका. पण मालिश झाल्यावर तासाभराने तिथे लाल वळ उरत असेल किंवा निळसर डाग दिसत असेल तर दाब जास्त झाला आहे. तेल लावू नका. बोट घसरतं, जागा चुकते आणि तेल डोळ्यात जातं. एक गोष्ट अंघोळ घालणाऱ्या मावशींबद्दलही सांगायला हवी. नाक 'वर यावं' म्हणून चिमटीत धरून ओढणं आणि आपण करतो ती मालिश, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. मालिश घरातल्या एकाच माणसाने करावी. मावशींना त्या डोळ्याजवळ हात लावू नका असं गोडीत सांगा.

जागा बरोबर पडली हे ओळखायची एक सोपी खूण आहे. पहिल्या एक-दोन दाबांत डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात पिवळट चिकट पाणी वर येतं. ते बघून आया घाबरतात, डोळा बिघडला असं वाटतं. उलट, बोट पिशवीवर पडलं याची ती पावती आहे. ते पाणी ओल्या बोळ्याने पुसून घ्या आणि पुढचे दाब पूर्ण करा. ड्रॉप्स चालू असतील तर सगळ्यात शेवटी घाला, म्हणजे पिशवी रिकामी झाल्यावर औषध जागेवर पोचतं. आधी औषध घालून मग मालिश केली तर ते पुसलंच जातं.

मागे पाच महिन्यांचा एक मुलगा माझ्याकडे आला होता, डावा डोळा. आई रोज चार वेळा मालिश करत होती, वेळ चुकवत नव्हती, आणि तरी काही फरक नव्हता. तिला म्हटलं, कशी करता ते दाखवा. तिने अंगठा नाकाच्या मधल्या हाडावर ठेवला आणि वर-खाली चोळायला लागली. बाळाच्या नाकावर तिथे कातडी गुळगुळीत झाली होती. मी करंगळी कोपऱ्यातल्या खोलगट जागेत ठेवून एकदाच दाबली, तर खालच्या पापणीच्या छिद्रातून पूचा टपोरा थेंब वर आला. मग तिचंच बोट धरून जागा दाखवली, तिला पाच-सहा वेळा करायला लावलं. पहिला आठवडाभर पू जास्त येतो असं तिला वाटलं, कारण पिशवी आता कुठे रिकामी व्हायला लागली होती. पुढच्या तीनेक आठवड्यांत दाबल्यावर येणारं पाणी पिवळ्याचं पांढरट आणि मग स्वच्छ झालं. सातव्या महिन्यात डोळा सकाळी चिकटायचा थांबला, फक्त सर्दी झाली की पाणी यायचं. नववा संपता संपता तेही गेलं. त्या चार महिन्यांत ड्रॉप्स एकदाच लागले. आता हे मालिशमुळेच झालं की वाढत्या वयाने होणारच होतं, हे एका बाळावरून मी ठामपणे सांगणार नाही. पण पिशवी रोज रिकामी होत राहिली म्हणून पू थांबला, एवढं नक्की.

बरं होताना रोज थोडं थोडं कमी होईल अशी अपेक्षा ठेवू नका. चार दिवस कोरडा, मग दोन दिवस चिकट, असं चालतं. सर्दी झाली की नाकाच्या आतलं अस्तर सुजतं, नळीचं तोंड आणखी दबतं आणि डोळा पुन्हा वाहतो. गार वाऱ्यातही तसंच होतं. त्यामुळे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, खिडकीच्या उजेडात फोनवर फोटो काढून ठेवा. महिन्याच्या अंतराचे दोन फोटो शेजारी ठेवले की खरं काय ते कळतं. सकाळच्या चिपडांपेक्षा दिवसा, बाळ शांत असताना डोळ्यात पाणी तरळतं का, हे जास्त महत्त्वाचं. शंका राहिली तर डॉक्टर डोळ्यात पिवळ्या रंगाचा थेंब घालून पाच मिनिटांनी बघतात. नळी मोकळी असेल तर रंग बराचसा निघून जातो, बंद असेल तर पापणीच्या कडेने तसाच उभा राहतो. बाळाला यात काही त्रास होत नाही.

ड्रॉप्स कधी? पू दाट, हिरवट-पिवळा झाला, पुसल्यावर तासाभरात पुन्हा भरला, दिवसाही पापण्या चिकटायला लागल्या, तर डॉक्टरांना दाखवून पाच-सात दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स. नुसतं पाणी आणि सकाळची थोडी चिपडं यासाठी औषध लागत नाही. मागची अर्धी बाटली कपाटात असेल तर ती टाकून द्या, उघडल्यावर महिन्याने ती वापरायची नसते. आणि मेडिकलमधून 'डोळ्याचा थेंब द्या' म्हणून आणू नका. दुकानात सर्रास मिळणाऱ्या काही थेंबांत अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड मिसळलेलं असतं. लालसरपणा पटकन जातो म्हणून ते लोकांना आवडतं, पण बाळाच्या डोळ्यात ते दिवसेंदिवस घातलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. तुम्हाला दिलेल्या दोन्ही बाटल्यांची नावं पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवून तेवढं विचारून घ्या.

अंगावरच्या दुधाबद्दल. सासूबाईंनी वाईट काही सांगितलेलं नाही, पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे. पण दुधाने नळीवरचा पडदा उघडत नाही. तुंबलेल्या पिशवीत गोड, चिकट दूध गेलं की ते बाहेर पडायलाही जागा नसते. दूध बाळाच्या पोटात जाऊ द्या. गुलाबपाणी, मध, एरंडेल, तूप यांपैकी काहीही डोळ्यात नको. काजळाचा मुद्दा जरा वेगळा आहे. विकतच्या काही काजळात आणि सुरम्यात शिसं सापडतं, ते बाळाच्या अंगात जाणं घातक आहे. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ शुद्ध आहे असं घरचे म्हणतील. शिशाचा प्रश्न तिथे नसेलही, पण काजळीचे कण त्याच छिद्रातून पिशवीत जाऊन बसतात, आणि घालणाऱ्याचं बोट व नख डोळ्याला लागतं ते निराळंच. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा, डोळ्यात नको. एवढ्यावर बहुतेक आज्या राजी होतात.

आता घरी थांबायचं नाही असे प्रसंग. ते फार नाहीत, पण उशीर चालत नाही.

डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली लाल, गरम, टणक गाठ आली, हात लावला की बाळ कळवळतं, किंवा ताप आहे, तर पिशवीतच जोराचा संसर्ग झाला आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठा. अशा वेळी मालिश अजिबात करू नका. पू आजूबाजूला पसरू शकतो. डोळ्याचा पांढरा भाग लाल झाला, पापण्या सुजून डोळा उघडेना, तर तोही नळीचा साधा प्रश्न राहत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात, विशेषतः पहिल्या आठवड्यात, लाल सुजलेल्या डोळ्यातून पू वाहत असेल तर तासांचा हिशेब असतो. बाळंतपणात आईकडून आलेला काही प्रकारचा संसर्ग बुबुळाला इजा करू शकतो. तुमच्या मुलीचं ते वय उलटून गेलं आहे आणि डॉक्टरांनी तिला पाहिलंही आहे, पण हे वाचणाऱ्या एखाद्या घरात दहा दिवसांचं बाळ असेल म्हणून लिहिलं. जन्मतःच कोपऱ्याखाली निळसर फुगवटा दिसत असेल तर पिशवी वर-खाली दोन्हीकडून बंद असते. तो फुगवटा कधी नाकातही उतरतो, आणि बाळ नाकानेच श्वास घेतं म्हणून दूध पिताना धाप लागते. ते बाळही लगेच दाखवायचं.

आणखी एक गोष्ट चुकते, आणि ती सगळ्यात महागात पडते. डोळ्यातून पाणी येतं पण चिपडं नाहीत, बाळ उजेडात डोळे घट्ट मिटून घेतं, काळं बुबुळ दुसऱ्यापेक्षा मोठं किंवा धुरकट दिसतं. हा जन्मजात काचबिंदू असू शकतो. आपल्याकडे अशा बाळाचं 'केवढे टपोरे डोळे' म्हणून कौतुक होत राहतं आणि महिने निघून जातात. फरक ओळखायला नाकही मदत करतं. काचबिंदूत नळी मोकळी असल्याने डोळा वाहताना नाकही वाहतं. नळी बंद असेल तर रडतानाही त्या बाजूची नाकपुडी कोरडीच राहते. मुलगी रडेल तेव्हा दोन्ही नाकपुड्या बघा. ही नुसती खूण झाली, तिच्यावर निदान ठरवायचं नाही. दोन्ही बुबुळं सारखी आणि स्वच्छ आहेत ना, हे डॉक्टरांनी उजेडात एकदा तपासायलाच हवं.

ऑपरेशनचं म्हणाल तर आता त्याचा विचार करायची वेळ नाही. वर्षाच्या आत दहापैकी नऊ बाळांची नळी आपोआप मोकळी होते. अगदी सहा ते दहा महिन्यांपर्यंत बंद राहिलेल्यांमध्येही पुढच्या सहा महिन्यांत साधारण तिघांपैकी दोघांची उघडते. सहाव्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा आणि वर्षाच्या सुमारास काय ते ठरवा. काही ठिकाणी सात-आठ महिन्यांतच भूल न देता नळी उघडतात. त्यात भूल टळते. पण थोडं थांबून आपोआप बरी झाली असती अशा बाळांवरही ते केलं जातं, म्हणून वारंवार पू होत नसेल तर मी वर्षापर्यंत थांबणं पसंत करतो.

वर्षानंतरही पाणी वाहत राहिलं तर प्रोबिंग करतात. ऑपरेशन म्हटलं की टाके डोळ्यांसमोर येतात, तसं यात काही नसतं. थोडा वेळ भूल देऊन, पापणीच्या त्या बारीक छिद्रातून बोथट टोकाची बारीक तार पिशवीत आणि तिथून नळीत उतरवतात, खालचा पडदा त्या टोकाने मोकळा होतो. प्रत्यक्ष काम काही मिनिटांचं, बाळ त्याच दिवशी घरी. कुठे कापाकापी नाही. एखाद दिवस नाकातून किंवा अश्रूंबरोबर किंचित लालसर पाणी येतं, त्याला घाबरायचं नाही. भुलीसाठी उपाशी ठेवण्याची वेळ मात्र काटेकोर पाळायची: अंगावरचं दूध चार तास आधी आणि पावडरचं किंवा वरचं दूध सहा तास आधी बंद. आजीने मध्येच दोन चमचे पाजले म्हणून पुढे ढकललेले प्रोबिंग मी पाहिले आहेत. बहुतेकांचं काम पहिल्याच वेळी होतं. नाही झालं तर पुन्हा करतात किंवा नळीत काही महिने सिलिकॉनची बारीक नळी ठेवतात. दोन-तीन वर्षं टाळत मात्र बसू नका, वय वाढलं की एका प्रोबिंगमध्ये काम होण्याची शक्यता कमी होत जाते.

लस ठरल्याप्रमाणे द्या. दहाव्या आठवड्याची लस चिकट डोळ्यासाठी पुढे ढकलायचं कारण नाही, ड्रॉप्स चालू असले तरीही. नर्सताईंना डोळ्याचं सांगून ठेवा, म्हणजे उगाच परत पाठवणार नाहीत. लसीनंतर एक-दोन दिवस ताप, किरकिर होऊ शकते. त्या दिवशी मालिशच्या एक-दोन वेळा चुकल्या तरी चालतील. फक्त त्या दोन दिवसांत रोज एकदा तिच्या उजव्या डोळ्याचा आतला कोपरा उजेडात बघा. तिथे लाली किंवा सूज दिसली तर तो ताप लसीचा म्हणून घरी थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.